हळदीची पुस्तिका कन्नडमध्ये: छोट्या कामासाठी अनुवादक शोधताना काय लिहावं

सांगलीच्या यार्डात सीमेपलीकडची हळदही येते. आमच्या शेतकरी गटाशी जोडलेल्यांपैकी बरेच जण अथणी-रायबागकडचे आहेत, काही जत तालुक्याच्या पूर्व भागातले. ते मराठी उत्तम बोलतात, पण वाचायला कन्नडच सोयीचं. म्हणून आमची हळद लागवडीची मराठी पुस्तिका कन्नडमध्ये करायचं ठरलं आणि अनुवादक शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या खेपेला मी लिहिलं होतं: 'मराठी-कन्नड अनुवादक पाहिजे. काम तातडीचं. मोबदला योग्य दिला जाईल.' दोन दिवसांत खूप फोन आले आणि प्रत्येकाला मी तेच सांगत बसलो. किती पानं, कुठला विषय, कधीपर्यंत, किती पैसे. शेवटी ज्यांना काम दिलं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, शब्द कुठल्या बाजूचे मोजायचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेबाच्या वेळी त्यावरूनच कटुता आली आणि चूक माझीच होती. दुसऱ्या खेपेला कसं केलं ते इथे क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच असं काम बाहेर देणाऱ्याला यातलं बहुतेक जसंच्या तसं वापरता येईल.

आधी फाईल हातात घ्या

जाहिरात लिहिण्याआधी मजकूर नक्की करा. पुस्तिका अजून कोणीतरी तपासतंय, दोन प्रकरणं वाढायची आहेत, अशा अवस्थेत अनुवादक शोधू नका. मूळ मजकूर काम सुरू झाल्यावर बदलला तर झालेला अनुवाद पुन्हा उघडावा लागतो, आणि ते पैसे कोणी द्यायचे हा वाद उभा राहतो.

मग शब्द मोजायचे. 'अठ्ठावीस पानं' म्हणून उपयोग नाही, कारण एका पानावर तीनशे शब्द असतात, दुसऱ्यावर मोठा फोटो आणि चार ओळी. वर्डमध्ये `Review` मधल्या `Word Count` वर गेलात की आकडा मिळतो, पण तिथेच खाली `Include textboxes, footnotes and endnotes` अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण नसेल तर चौकटींतला मजकूर मोजणीत येत नाही. आमच्या पुस्तिकेत 'हे करू नका' अशा रंगीत चौकटी बऱ्याच होत्या. खूण न करता ४,६४० शब्द आले, खूण केल्यावर ५,०२०. शिवाय कंदमाशीच्या चित्रावरची नावं, फोटोखालच्या ओळी आणि एक वेळापत्रक हे सगळं चित्राच्या स्वरूपात होतं. ते संगणक मोजतच नाही. मी ते हाताने मोजलं, २३० शब्द भरले. एकूण ५,२५०.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. सांगली-मिरजेच्या डीटीपीवाल्यांकडून आलेल्या जुन्या फाईली अनेकदा श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात, युनिकोडमध्ये नाही. ओळखायचं कसं? फाईलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड, आणि इंग्रजी अक्षरांची-चिन्हांची खिचडी दिसली तर जुना फाँट. अशी फाईल अनुवादकाला दिली तर त्याला ती उघडून वाचताही येत नाही. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं अशा बदलात हमखास बिघडतात. आमच्या फाईलमध्ये 'वर्ष'चं 'वष' झालेलं अनेक ठिकाणी सापडलं.

भाषांची जोडी म्हणजे दिशासुद्धा

'मराठी-कन्नड' एवढं लिहिलं की दोन्ही प्रकारची माणसं येतात: कन्नडमधून मराठीत आणणारी आणि मराठीतून कन्नडमध्ये नेणारी. ही दोन वेगळी कामं आहेत. ज्या भाषेत लिहायचं ती माणसाची स्वतःची भाषा असावी आणि मूळ भाषा त्याला पक्की कळावी, हा या धंद्यातला साधा नियम आहे. म्हणून 'मराठीतून कन्नडमध्ये' असं पूर्ण लिहा आणि पुढे 'कन्नड मातृभाषा असणाऱ्यांना प्राधान्य' हेही.

आणि कन्नड म्हणजे कोणती? म्हैसूरकडच्या पुस्तकी कन्नडमध्ये शेतीची पुस्तिका लिहिली तर अथणीच्या शेतकऱ्याला ती कळेल, पण परकी वाटेल. बेळगाव-विजयपूर भागात अवजारांना, कामांना, रोगांना ज्या नावांनी हाक मारतात तीच हवीत. म्हणून जाहिरातीत वाचक कोण हे एका वाक्यात सांगून टाका. त्या वाक्याचा मला सर्वांत जास्त फायदा झाला. शहरी, साहित्यिक अनुवाद करणारे चांगले लोक त्यामुळे आपणहून बाजूला झाले आणि शेतीशी संबंध असलेले पुढे आले.

शोधायचं कुठे, हे थोडक्यात. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तिथले शिक्षक दोन्ही भाषांत रोज वावरतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठाशी संबंध आलेली माणसं शेतीचे कन्नड शब्द जाणतात. बेळगाव आणि धारवाडच्या विद्यापीठांतले भाषेचे विद्यार्थी हा तिसरा रस्ता, पण त्यांच्याबरोबर शेतीतला कोणीतरी वाचक जोडावा लागतो.

शब्द कोणत्या बाजूचे

आता मूळ भांडणाचा मुद्दा. दर शब्दावर असतो, पण मूळ मराठी शब्दांवर की झालेल्या कन्नड शब्दांवर, हे लिहिलं नाही तर दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या रकमा असतात.

फरक का पडतो ते पाहा. 'पाणी देऊ नये' हे मराठीत तीन शब्द. कन्नडमध्ये 'नीरु कोडबारदु', दोनच. मराठीत 'करावी लागते' असं आपण फोडून लिहितो, कन्नडमध्ये असल्या क्रियापदांचे भाग एकमेकांना चिकटून एकच लांब शब्द होतो. इंग्रजीकडून मराठीत येतानाही हेच घडतं: तिकडे तीन शब्दांत सांगतात ते आपण 'शेतात' या एका शब्दात सांगतो. म्हणजे काम तेवढंच, पण मोजणारी बाजू बदलली की आकडा बदलतो.

आमच्या पुस्तिकेत मूळ ५,२५० शब्दांचे कन्नडमध्ये साधारण ४,३०० झाले. शब्दाला १ रुपया ८० पैसे दर धरला तर मूळ बाजूने ९,४५० रुपये होतात आणि कन्नड बाजूने ७,७४०. सतराशे दहा रुपयांचा फरक, तोही दोन्ही बाजू प्रामाणिक असताना.

माझा आग्रह मूळ शब्दांचा आहे. तो आकडा काम सुरू होण्याआधी दोघांना दिसतो, त्यामुळे एकूण रक्कम पहिल्या दिवशीच ठरते. शिवाय अनुवादकाला मजकूर फुगवण्याचं कारण उरत नाही आणि नेमकं, आटोपशीर लिहिलं म्हणून त्याचं नुकसानही होत नाही. मूळ फक्त स्कॅन केलेल्या कागदांवर असेल, मोजताच येत नसेल, तरच झालेल्या शब्दांवर या, आणि तसं स्पष्ट लिहा.

दरासोबत त्यात काय काय धरलंय तेही हवं. आम्ही लिहिलं: अनुवाद आणि एक दुरुस्तीची फेरी धरून, पानांची मांडणी अनुवादकाकडे नाही. 'मोबदला चर्चेअंती' असं लिहून मोकळं होऊ नका. अनुभवी माणूस अशा ओळीवर वेळ घालवत नाही आणि नवखा फार कमी सांगून बसतो, मग मध्येच काम सोडतो. तुमच्याकडे असेल तो आकडा लिहा. जास्त मागणारा आला तर तो का मागतोय ते ऐकून घ्या. आमच्याकडे एकांनी वेळापत्रक आणि चित्रांवरच्या नावांसाठी वेगळा दर मागितला होता, कारण तिथे जागा तोलून लिहावं लागतं. मागणी रास्त होती.

पैसे कधी देणार हेही त्याच मजकुरात द्या. टीडीएस कापणार असाल तर कापण्याआधी सांगा, हातात कमी रक्कम पडल्यावर नव्हे.

मुदत उलटीकडून मोजा

आमच्याकडे हळदीची लागण मुख्यतः मे महिन्यात. बेण्याची निवड त्याआधी. म्हणजे पुस्तिका ५ मेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात नसेल तर ती पुढच्या वर्षीचीच. तिथून मी मागे मोजत आलो. लग्नसराईच्या दिवसांत छापखाना पत्रिकांत बुडालेला असतो, म्हणून छपाईला आठवडा. त्याआधी मांडणीला चार दिवस, मांडणीनंतरच्या वाचनाला दोन, आणि मांडणीच्याही आधी शेतकऱ्याकडून कच्चा अनुवाद वाचून घ्यायला तीन दिवस. असं करत अनुवाद पूर्ण येण्याची तारीख १८ एप्रिल निघाली.

पूर्ण वेळ हेच काम करणारा अनुभवी अनुवादक दिवसाला दोन हजारांच्या आसपास शब्द करतो असं धरून चालतात. त्या हिशेबाने आमचं काम तीन दिवसांचं. पण आपल्याकडे असं काम करणारे बरेच जण शाळा, नोकरी सांभाळून रात्री बसतात. ९ ते १८ एप्रिल असे दहा दिवस दिले तर दिवसाला सव्वापाचशे शब्द पडतात आणि ते निवांत होतं. 'तातडीचं' हा शब्द टाळा, तारीख आणि वेळ लिहा. 'शनिवारी' म्हटलं की मी सकाळ समजतो आणि समोरचा रात्रीचे बारा.

एक मधली तारीखही ठेवा. अर्धं काम १३ एप्रिलला मागितलं. त्यामुळे शब्दांच्या निवडीतल्या चुका निम्म्या रस्त्यातच दिसल्या आणि उरलेल्या भागात त्या झाल्या नाहीत.

आम्ही दिलेला मजकूर

> हळद लागवडीच्या पुस्तिकेचा अनुवाद मराठीतून कन्नडमध्ये करून हवा आहे. मूळ मजकूर ५,२५० मराठी शब्द, वेळापत्रक आणि चित्रांवरची नावं धरून. वाचक: अथणी, रायबाग आणि जत पूर्व भागातले शेतकरी, त्यामुळे कन्नड त्या भागातली, सोपी हवी. कन्नड मातृभाषा आणि शेतीची माहिती असणाऱ्यांना प्राधान्य.
>
> मुदत: अर्धा मजकूर १३ एप्रिल, पूर्ण १८ एप्रिल, शनिवार, संध्याकाळी ६ पर्यंत.
>
> दर: मूळ मराठी शब्दाला १ रुपया ८० पैसे, एकूण ९,४५० रुपये. यात एक दुरुस्तीची फेरी धरली आहे, मांडणी नाही. ३,००० रुपये सुरुवातीला, उरलेले दुरुस्ती झाल्यावर सात दिवसांत बँक खात्यात.
>
> मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाईलमध्ये द्यावा. आकडे 1, 2, 3 असे ठेवावेत. शेतीच्या चाळीस शब्दांची यादी आम्ही देऊ. नमुन्यासाठी १५० शब्दांचा उतारा मागवून घ्यावा आणि त्याचा अनुवाद ६ एप्रिलपर्यंत पाठवावा. अनुवादकाचं नाव पुस्तिकेत छापलं जाईल.

युनिकोडचा उल्लेख कन्नडसाठीही लागतो, कारण तिकडेही नुडीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिणारे आहेत. आकड्यांचं मुद्दाम लिहिलं, कारण कन्नडला स्वतःचे अंक असले तरी छापील पुस्तिकांत बरेचदा इंग्रजी अंक असतात. शिवाय क्विंटल आणि फुटांच्या आकड्यांत आम्हाला धोका नको होता.

नमुना आणि तो तपासणं

नमुना दीडशे-दोनशे शब्दांच्या वर मागू नका. हजार शब्द 'चाचणी म्हणून' मागायचे आणि पाच जणांकडून पाच तुकडे फुकट करून घ्यायचे, असं घडताना मी पाहिलं आहे. ते चोरीचंच काम आहे आणि पाच हातांचा मजकूर एकमेकांना जुळतही नाही. सगळ्यांना एकच उतारा द्या, आणि तो प्रस्तावनेतला नको. 'हळद हे महत्त्वाचं नगदी पीक आहे' हे कोणीही लिहील. अवघड उतारा निवडा.

मी निवडलेल्या उताऱ्यात अशी वाक्यं होती: 'एकरी १० क्विंटल बेणे लागते. डोळे फुगलेले जेठे गड्डे घ्यावेत. लागणीनंतर अडीच ते तीन महिन्यांनी भरणी करावी.' यात तीन ठिकाणी घसरायला जागा आहे. कृषी साहित्यात बेण्याचं प्रमाण हेक्टरी २५ क्विंटल असं दिलेलं असतं, त्यामुळे सवयीने 'एकरी'चं 'हेक्टरी' झालं तर शेतकरी अडीचपट कमी बेणं आणेल. 'डोळे' म्हणजे कोंब फुटायच्या जागा. आणि 'भरणी' म्हणजे सरीतली माती गड्ड्यांना लावणं, कन्नडमध्ये 'मण्णु एरिसुवुदु'.

एका नमुन्यात या शेवटच्या वाक्याचा अर्थ 'भरणी नक्षत्रावर करावी' असा आला. कन्नड अतिशय सुंदर होती, असं वाचणाऱ्यांनी सांगितलं. पण काय करावी तेच वाक्यात नव्हतं. त्यांनी एकदा फोन करून विचारलं असतं तर मी काम त्यांनाच दिलं असतं. ज्यांना दिलं त्यांनी नमुना पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारले होते, त्यातला एक भरणीचाच. नमुन्यासोबत प्रश्न येतात का, हे मी आता आवर्जून पाहतो.

मला कन्नड वाचता येत नाही. मग तपासलं कसं? आमच्या गटातले एक वयस्कर शेतकरी आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, घरात कन्नड बोलतात. त्यांना मूळ मराठी न दाखवता कन्नड उतारा वाचायला दिला आणि म्हटलं, "अण्णा, यात काय करायला सांगितलंय ते मला मराठीत सांगा." ते सांगत गेले, मी मूळ समोर ठेवून खुणा करत गेलो. आकडे, एकक आणि कोणत्या क्रमाने काय करायचं, एवढंच पाहिलं. मूळ आधी दाखवलं असतं तर त्यांनी चुकीच्या वाक्यातूनही बरोबर अर्थ काढला असता, कारण त्यांना हळद येते. अडखळले ती ठिकाणंही मी लिहून घेतली. अर्थ बरोबर, पण तीनदा वाचावं लागलं, तर ते वाक्य बदलायचं.

या पद्धतीची मर्यादाही आहे. शुद्धलेखन आणि व्याकरण यातून पकडलं जात नाही. त्यासाठी कन्नड शिकवणाऱ्या कोणाकडून एकदा वाचून घ्यावं लागतं, आणि त्या वाचनाचे पैसे अनुवादाच्या रकमेतून कापायचे नसतात, वेगळे धरायचे असतात.

काम सुरू झाल्यावर

चाळीस शब्दांची यादी पहिल्या दिवशीच द्या. आमच्या यादीत तीन रकाने होते: मराठी शब्द, त्याचा अर्थ एका ओळीत, आणि कन्नड शब्दाची जागा, काही ठिकाणी भरलेली, काही ठिकाणी रिकामी. 'गड्डा'ला कन्नडमध्येही 'गड्डे'च म्हणतात आणि जेठ्या गड्ड्याला 'तायि गड्डे', म्हणजे आई गड्डा, हे अण्णांनीच सांगितलं. रिकाम्या जागा अनुवादकाने भरल्या आणि आम्ही त्या मान्य केल्या. त्यामुळे एकाच रोगाला पान ९ वर एक नाव आणि पान २१ वर दुसरं, असं झालं नाही.

फाईलच्या नावात भाषा आणि फेरी दिसू द्या. मराठीसाठी mr आणि कन्नडसाठी kn ही ठरलेली चिन्हं आहेत:

```
halad_mr.docx
halad_kn_1.docx
halad_kn_2_durusti.docx
```

दुरुस्त्या फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगू नका. सगळ्या एकाच फाईलमध्ये खुणा करून एकदाच पाठवा, कारण ठरलेली फेरी एकच आहे. मूळ मराठीतच काही बदललं असेल तर ते दुरुस्तीत घुसवायचं नाही, त्याचे शब्द मोजून वेगळे पैसे द्यायचे. आमच्याकडे खताच्या वेळापत्रकात १२० शब्द नंतर वाढले, त्याचे २१६ रुपये वेगळे दिले.

मांडणी झाल्यावर एकदा अनुवादकाला पान दाखवाच. मांडणी करणाऱ्याला कन्नड येत नसते, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला नसला तर कन्नडचे जोडाक्षरातले खालचे भाग सुटून बाजूला पडतात. आपल्याला ते नक्षीसारखंच दिसतं, काही कळत नाही. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. आमच्या पहिल्या प्रतीत सगळी शीर्षकं अशी तुटलेली होती, मजकूर मात्र ठीक होता, कारण शीर्षकांची शैली जुन्या फाईलमधून उचललेली होती. हे वाचन दुरुस्तीच्या फेरीत मोजायचं नाही असं आम्ही आधीच सांगितलं होतं आणि त्याचे ५०० रुपये धरले होते.

उरलेले पैसे ठरल्या दिवशी पाठवा आणि शब्दांची भरलेली यादी अनुवादकाच्या संमतीने जपून ठेवा. पुढच्या वर्षी हळद शिजवणं आणि पॉलिशवरचं प्रकरण वाढवायचं आहे. ती यादी नव्या कामासोबत पहिल्याच दिवशी जाईल. ज्यांचा नमुना घेतला पण काम दिलं नाही त्यांनाही निर्णय कळवा, आणि कारण विचारलं तर सांगा. भरणीचा घोळ ज्यांच्याकडून झाला त्यांना मी ते सांगितलं. त्यांनी लगेच म्हटलं, "पुढच्या वेळी यादी नमुन्याबरोबरच द्या." यंदापासून तसंच करणार आहे.